गृहकर्जाच्या पत्रकावरचं 'अमॉर्टायझेशन': परिशोधन, हप्तेबंदी की फेड?

नवी_सही
आयुष्यातलं पहिलं कर्ज घेतलंय. 10 लाख, 9 टक्के, 20 वर्षं. हप्ता 8,997. सहा हप्ते झाल्यावर पत्रक मागवलं, त्यावर ठळक अक्षरात 'अमॉर्टायझेशन शेड्युल'. खाली 240 ओळींचा तक्ता. मी जवळजवळ 54 हजार भरलेत आणि बाकी दिसतेय 9,90,846. म्हणजे कर्ज उतरलं फक्त नऊ हजारांनी! आधी वाटलं, चूक झाली असणार. शब्दकोशात पाहिलं तर 'परिशोधन'. बाबा म्हणाले, "अगं, हप्तेबंदी म्हणतात त्याला." दोन्ही शब्दांनी माझे पैसे कुठे गेले ते कळत नाही. या शब्दाचा नेमका अर्थ काय?

उंबरठा
बाबांचं बरोबर आहे. कर्ज एकरकमी न फेडता हप्त्यांनी फेडायचं ठरवणं म्हणजे हप्तेबंदी. सोपा, रुळलेला शब्द सोडून परिशोधन कशाला? ते ऐकलं की काहीतरी शोधायला निघाल्यासारखं वाटतं.

शब्दवेडी
शोध नव्हे, शोधन. शुद्ध करणं. संस्कृतात ऋणशोधन आहेच, कर्जाचा मळ धुऊन काढणं. शब्द अंगवळणी पडला नाही एवढाच त्याचा दोष.
आणि मूळ शब्द तर किती सुंदर! अ-मॉर्ट म्हणजे अ-मृत. कर्ज वर्षानुवर्षं मरत नाही, म्हणून अमॉर्टायझेशन.

ताळेबंद
शब्दवेडी ताई, अर्धं बरोबर. लॅटिन 'मॉर्स' (मृत्यू) आणि आपला 'मृत' ही एकाच कुळातली भावंडं, हे खरं. पण आरंभीचा 'अ' नकाराचा नाही. तो लॅटिन 'आड'मधून आलाय, अर्थ 'कडे'. जुन्या फ्रेंचमध्ये 'आमॉर्तीर' म्हणजे मरणाकडे नेणं, निष्प्राण करणं. थोडक्यात, अर्थ तुम्ही म्हणता त्याच्या बरोबर उलट: कर्ज थोडंथोडं मारत नेणं.

नवी_सही, तुमच्या पत्रकात चूक दिसत नाही. मी बरीच वर्षं कर्जविभागात काढली आणि हाच प्रश्न घेऊन येणारी माणसं रोज पाहिली. तक्त्याची पहिली ओळ समोर ठेवा. बाकी 10 लाख. वर्षाला 9 टक्के, म्हणजे महिन्याला पाऊण टक्का. त्या महिन्याचं व्याज झालं 7,500. हप्ता 8,997 चा. आधी व्याज वळतं होतं, उरलेले 1,497 मुद्दलाला लागतात. दुसऱ्या महिन्याला व्याज 9,98,503 वर, म्हणून ते 7,489 होतं आणि मुद्दलाला 1,508 मिळतात. अकरा रुपये जास्त. हप्ता तोच, आतली वाटणी दर महिन्याला अशी सरकत जाते. तुमच्या तक्त्यात मुद्दलाचा वाटा व्याजापेक्षा मोठा होईल तो 149 व्या हप्त्याला, बारा वर्षं उलटल्यावर.

म्हणून मला हप्तेबंदी पुरेसा वाटत नाही. तो पैसे कसे भरायचे ते सांगतो. अमॉर्टायझेशन मुद्दल कसं मरतं ते सांगतं.

नवी_सही
1,497! मी आत्ता तक्ता उघडून बघितला, पहिल्या ओळीत तेच आहे. मला वाटत होतं 10 लाखांना 240 ने भागून तेवढं दरमहा उतरत असेल.

काटकोन
आम्ही ऑफिसात हा शब्द रोज वापरतो आणि त्याचा कर्जाशी संबंध नाही. पेटंट विकत घेतलं की त्याची किंमत दहा वर्षांत वाटून खर्ची टाकायची, ते अमॉर्टायझेशन. म्हणजे घसाराच. मराठीत घसारा हा उत्तम शब्द असताना चर्चा कशाची?

ताळेबंद
तो अर्थ आहे, पण शेजारच्या घरातला. यंत्राला, इमारतीला घसारा. पेटंटसारख्या हाताला न लागणाऱ्या मालमत्तेला अमॉर्टायझेशन. रक्कम काळावर पसरायची, एवढं साम्य. पण कर्ज झिजत नाही हो. झिजायला वेळ पुरतो, कर्ज उतरायला पैसे भरावे लागतात. गृहकर्जाच्या पत्रकावर घसारा लिहिलंत तर वाचणाऱ्याला घराची किंमत घटतेय असं वाटेल.

पाऊलवाट
पैसे भरूनही उतरतंच असं नाही, माझं ऐका. बदलत्या व्याजदराचं कर्ज होतं. दर वाढला, हप्ता मात्र तोच ठेवला. मी खूश, कारण खिशाला धक्का नाही. वर्षभराने पत्रक पाहिलं तर बाकी वाढलेली! एकही हप्ता चुकला नव्हता. विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "मुदत वाढवली आहे." मला कुणी फोन केला नाही, आलेलं पत्र मी नीट वाचलं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

ताळेबंद
याला उलटं अमॉर्टायझेशन म्हणतात. नवी_सही, तुमच्याच आकड्यांवर बघा: बाकी 10 लाखांची असताना दर 10.8 टक्के झाला, तर महिन्याचं व्याज 9,000. हप्ता 8,997. व्याजालाच तीन रुपये कमी पडले, ते मुद्दलात जाऊन बसले. तुमचा दर बदलता असेल तर प्रत्येक बदलानंतर नवा तक्ता मागा आणि दोन गोष्टी पाहा: मुद्दलाचा रकाना शून्याच्या वर आहे ना, आणि शेवटची ओळ कोणत्या वर्षात गेली.

उंबरठा
म्हणजे हप्तेबंदी चालू आणि फेड बंद! बरं, हप्तेबंदी मागे घेतो. मग 'फेड' घ्या. पांग फेडतो, नवस फेडतो, कर्ज फेडतो. फेडणे म्हणजे सोडवणे, जसं वस्त्र फेडणे. दर महिन्याला एक वेढा सुटतो. मृत्यूबित्यू कशाला?

शब्दवेडी
फेड सुंदर आहे, पण सैल आहे. उद्या कुणी सगळे पैसे एकदम आणून टाकले तरी ती फेडच. अमॉर्टायझेशनमधला 'क्रमाने' कुठे आला? क्रमशः परिशोधन म्हणा.

उंबरठा
ताई, ज्याच्या हातात पत्रक पडतं त्याला ते वाचता आलं पाहिजे. 'क्रमशः परिशोधन' वाचून नवी_सहींना 1,497 चा पत्ता लागला असता का?

शब्दवेडी
'फेड' वाचूनही लागला नसता. ताळेबंदांनी ओळ फोडून दाखवली तेव्हा लागला. शब्दाला अर्थ माणसं शिकवतात. ईएमआय हा शब्द तरी कुणाला जन्मतः कळत होता?

काटकोन
फेडणे आणि फिटणे यांचं मूळ एकच ना? कर्ज फिटतं, आपण ते फेडतो. तुटणे-तोडणे, सुटणे-सोडणे, फुटणे-फोडणे, तसंच.

उंबरठा
अगदी! आणि 'डोळ्यांचं पारणं फिटतं' तेही त्यातलंच.

नवी_सही
मधे बोलते, माफ करा. माझ्याकडे 50 हजार शिल्लक आहेत. ते आत्ता भरले तर या तक्त्यात कुठे बसतात?

ताळेबंद
सगळे मुद्दलात, व्याजाचा वाटा न देता. बाकी 9,40,846 होईल. हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा असं लेखी सांगितलंत तर शेपटाकडचे 28 हप्ते गळतात. मुदत तीच ठेवून हप्ता कमी केलात तर एवढी बचत होत नाही. आधी भरल्याबद्दल काही शुल्क आहे का, ते करारात बघून घ्या. आणि अडीअडचणीला हाताशी पैसे राहतील ना, तेही.

शब्दवेडी
पारणं फिटतं ते वेगळं हो. पारणं हे उपासाच्या शेवटचं. ते सुटतं की फिटतं, यावर आमच्या घरी अजून वाद आहे.

उंबरठा
उपास सुटतो, पारणं फिटतं. यावर नवा धागाच काढा, मी येतो.