जपानमध्ये 'माशाचं पाणीही नको' हे कसं सांगितलंत?

पुढच्या महिन्यात आईबाबांना क्योतोला नेतेय. एका छोट्या हॉटेलला पाठवायला मी मराठीत लिहिलं, "आम्ही शाकाहारी आहोत, फिश स्टॉक नसलेलं जेवण द्या." त्याचं जपानी भाषांतर परत मराठीत उलटवून पाहिलं, तर "माशांचा साठा नसलेलं जेवण" आलं! तुम्ही काय लिहिलंत? अनुभव सांगा.

ओसाकात नऊ वर्षं: 'स्टॉक' आधी काढा, 'रस्सा'ही नको. त्यांचा शब्द 'दाशी'. मासे नकोत म्हटलं की ते तुकडे काढतात, पण दाशी तशीच राहते, कारण त्यांच्या लेखी ती चव, मासा नाही. मराठीतच छोटी वाक्यं करा: "आम्ही मांस, मासे खात नाही. कात्सुओबुशी आणि निबोशीची दाशीही चालत नाही. कोम्बू आणि शिइताकेची दाशी चालते." पहिले दोन मासे, कोम्बू समुद्री शेवाळ, शिइताके अळंबी. काय चालतं हे लिहिलंत तरच स्वयंपाक्याला मार्ग सापडतो. आणि हे आरक्षणाच्या वेळीच पाठवा. दाशी आधीच करून ठेवलेली असते, ऐनवेळी बदलता येत नाही.

दोनदा जाऊन आलेला: एवढं कशाला? 'बेजितारियन' म्हणायचं आणि टेम्पुराची भजी, सोबा नूडल्स खायच्या. मला काही अडचण आली नाही.

ओसाकात नऊ वर्षं: दादा, अडचण आली नाही की कळली नाही? सोब्याच्या आणि टेम्पुराच्या बुडवायच्या पाण्यात बहुधा कात्सुओ असतो. टेम्पुरा मिठाशी मागा, पिठात अंडं आहे का तेही विचारा.

सुरतेची सून: आमच्याकडे कांदा-लसूणच काय, कंदमुळंही चालत नाहीत. कोयासानच्या मठात राहिलो, तिथलं शोजिन जेवण मासे, कांदा, लसूण यांशिवायचं. पण मुळा आणि कमळकाकडी ताटात होती. सासूबाईंनी भात आणि तोफू खाल्ला.

नाशिकचा: मी सरळ 'ॲलर्जी' लिहिलं. त्यांनी नम्रपणे नकार कळवला, भांडी वेगळी ठेवता येत नाहीत म्हणून. पण माझ्या मित्राचं त्याच शब्दाने काम झालं.

ओसाकात नऊ वर्षं: खोटं सांगू नका. ॲलर्जी म्हटलं की ते कणभर अंशाचीही जबाबदारी घेतात. 'धर्मामुळे' किंवा 'सवयीने' खात नाही, एवढं पुरतं.

मूळ लेखिका: चार वाक्यं पाठवली, उत्तर आलं! युदोफू, म्हणजे उकळत्या पाण्यातला तोफू देतील, तो कोम्बूच्याच पाण्यात असतो. सोबतच्या सॉसमध्ये कात्सुओ आहे, म्हणून साधा सोया सॉस आणि मीठ ठेवतील. मिसो सूप मात्र रद्द, कारण ते एकाच मोठ्या पातेल्यात होतं. बाबा विचारतायत, भाजी कोळंबी तळलेल्या तेलातच तळत असतील का? हे कोणी विचारून पाहिलंय?