मदत हवी आहे: भिंतीमागे कंपाउंड वॉल आणि टाकी, सरचार्ज किती धरू?

राऊ_साइट
इंदूर बायपासच्या बाजूला काम चालू आहे. 3 मीटरची आरसीसी रिटेनिंग वॉल, डिझाइन 10 किलोन्यूटन चौरस मीटर सरचार्ज धरून झालं आहे, कारण वर पार्किंग होतं. आता मालक म्हणतो वर विटांची कंपाउंड वॉल घ्या आणि पाण्याची टाकीही बसवा. स्ट्रक्चरल साहेब बाहेरगावी. 10 च्या जागी 20 धरून टाकलं तर चालेल ना? उद्या सकाळी मिस्त्री चुना टाकणार आहे, लवकर सांगा.

राजवाडा_७
वीप होल ठेवलेत का? आधी ते बघा. 100 मिमीचे पाइप, मागे खडीचा फिल्टर. पाणी साचलं तर 3 मीटर उंचीचं पाणी एकटं मीटरला 44 किलोन्यूटन ढकलतं, तुमचा सरचार्ज त्यापुढे काहीच नाही.

राऊ_साइट
वीप होल आहेत हो. प्रश्न तो नाही.

मृदा_मृदुला
20 धरून उत्तर मिळणार नाही, कारण तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात घालताय. पार्किंग सगळीकडे सारखं पसरलेलं असतं. कंपाउंड वॉल म्हणजे एका रेषेतलं वजन. टाकी म्हणजे पट्टा. तिन्हींचा जोर भिंतीवर वेगवेगळ्या उंचीला येतो. हे सांगा: कंपाउंड वॉल भिंतीच्या पाठीपासून किती लांब? तिचा पाया किती खोल? टाकीची रुंदी, तिची जवळची कड किती लांब, पाणी किती उंच? मागे भराव मुरुमाचा की काळ्या मातीचा? आणि सगळ्यात आधी, स्टेम ओतून झाली आहे का?

लष्करवाला
इतकं खोलात कशाला जायचं? रस्त्याच्या कामात सरळ 1.2 मीटर मातीइतका सरचार्ज धरतात, म्हणजे 18 ने गुणून 21.6. तेवढा धरा आणि झोपा निवांत. ग्वाल्हेरला आम्ही सगळीकडे तोच धरतो.

राऊ_साइट
स्टेम ओतून झाली, भराव अजून टाकला नाही. मुळाशी 250 मिमी, वर 150. एम25, 12 चे बार 125 वर, एकाआड एक बार दीड मीटरवर तोडले आहेत. भराव मुरूम. कंपाउंड वॉल 9 इंची, 2.4 मीटर उंच, भिंतीपासून 0.9 मीटरवर. पाया म्हणजे वरच्यावरच, एक विटेचा थर खाली. टाकी 2 मीटर रुंद, लांब आहे बरीच, जवळची कड 1.5 मीटरवर. पाणी 2 मीटर.

मृदा_मृदुला
आता बोलता येईल. मुरुमाला फाय 30 धरलं तर Ka = 1/3, गॅमा 18. हिशेब भिंतीच्या एका मीटर लांबीचा.

मातीचा जोर 27 किलोन्यूटन, मुळापासून 1 मीटरवर, मोमेंट 27. पार्किंगचे 10 वरून खालपर्यंत 3.33 इतका सारखा दाब देतात, एकूण 10, तो दीड मीटरवर, मोमेंट 15. मिळून 42. बांधलेल्या स्टेमची ताकद साधारण 69, आणि 42 ला 1.5 ने गुणलं की 63. म्हणजे मूळ डिझाइन ठीक आहे, फक्त हात फार सैल सोडलेला नाही.

कंपाउंड वॉल विटा, प्लास्टर आणि पायासकट मीटरला 15 किलोन्यूटन धरा. ती भिंतीच्या उंचीच्या 0.4 पटीपेक्षा जवळ आहे (0.9 भागिले 3 म्हणजे 0.3), तेव्हा टर्झागीचं सुधारित सूत्र लावायचं:

```
m <= 0.4 :  σ = 0.203 (q/H) n / (0.16 + n²)²
            P = 0.55 q
m > 0.4  :  P = 0.64 q / (m² + 1)
m = x/H,  n = z/H
```

P येतो 8.25 किलोन्यूटन. आकडा लहान दिसतो, पण तो मुळापासून जवळजवळ 1.8 मीटर वर लागतो. मोमेंट 14.9. सर्वात जास्त दाब वरून 0.7 मीटर खाली, साधारण 5 किलोन्यूटन चौरस मीटर. त्या खोलीवर मातीचा स्वतःचा दाब 4 च्या आसपास, म्हणजे तिथे विटांची भिंत मातीपेक्षा जास्त ढकलते. तळाशी तोच दाब एकच्याही खाली येतो. सारख्या सरचार्जमध्ये हे कधीच दिसणार नाही.

विश्वामित्रीकाठ
लाइन लोड भिंतीमागच्या सरकत्या पाचरीत असेल तरच मोजायचा. फाय 30 ला ती रेषा 60 अंशावर, वर 3 भागिले 1.73 म्हणजे 1.73 मीटरवर निघते. कंपाउंड वॉल 1.8 मीटरवर ढकला, जोर शून्य. बडोद्यात असंच करतो आम्ही.

मृदा_मृदुला
शून्य नाही. ती 60 अंशाची पाचर मोकळ्या मातीची आहे. वर जड वजन ठेवलं की सर्वात घातक पाचर त्या वजनाकडे ओढली जाते, म्हणून 1.73 ही लक्ष्मणरेषा नव्हे. लवचिक सूत्राने 2.4 मीटरवर नेली तरी 5.85 किलोन्यूटन उरतात, मोमेंट 8.1. कमी होतो, संपत नाही.

विश्वामित्रीकाठ
पण ते सूत्र दुप्पट करून ठेवलेलं आहे ताई. बूसिनेस्कचं मूळ उत्तर निम्मं येतं, दुप्पट करणं हलूच न शकणाऱ्या भिंतीसाठी. कँटिलिव्हर भिंत थोडी झुकते. मग एवढा जोर का घ्यायचा?

मृदा_मृदुला
मुद्दा योग्य आहे, आणि यावर एकमत नाही हेही खरं. पण इथे फरक पडतो का ते बघा. 0.9 मीटरवर दुप्पट न करता 4.4 किलोन्यूटन येतात, पण ते आणखी वर, सुमारे 2 मीटरवर लागतात. मोमेंट 8.8. एकूण 50.8, गुणिले 1.5 म्हणजे 76. ताकद 69. दोन्ही वाटांनी भिंत मुळाशी कमी पडते.

लष्करवाला
म्हणजे 21.6 नेही कमीच दाखवली असती ना? तेच म्हणत होतो.

मृदा_मृदुला
हो, 21.6 ची मोमेंट 32.4, आणि पार्किंग अधिक कंपाउंड वॉल मिळून 29.9. या मापांना तुमचा आकडा झाकतो, पण तो योगायोग आहे. तो नियम रस्त्यावरच्या वाहनांसाठी, त्यात वजन भिंतीपासून किती लांब हा प्रश्नच येत नाही. टाकी आली की तो पुरत नाही.

टाकी: 2 मीटर पाणी आणि काँक्रीट धरून 25 किलोन्यूटन चौरस मीटर. पट्ट्याचा एकूण जोर

```
P = (2/π) q H (θ2 − θ1)
θ1 = atan(1.5/3), θ2 = atan(3.5/3)   (रेडियन)
```

0.3985 रेडियनचा फरक, P = 19 किलोन्यूटन. तो मुळापासून 1.42 मीटरवर, मोमेंट 27. म्हणजे एकटी टाकी सगळ्या मातीइतकी. तीच 25 सगळीकडे पसरवली असती तर 37.5 आली असती, तेव्हा पट्टा सरसकट सरचार्जपेक्षा हलका पडतो, पण दुर्लक्ष करण्याइतका नाही. टाकीखाली पार्किंग नसेल, तेवढं मी दुहेरी मोजलं आहे, पण चित्र बदलत नाही.

राऊ_साइट
मग दीड मीटरवर तोडलेले बार? रात्री तीच भीती वाटत होती, कारण जोर वर येतो म्हणताय.

मृदा_मृदुला
तिथे उरलेले बार 12 चे 250 वर, जाडी 200, ताकद 26 च्या जवळ. मूळ मोमेंट 7.1, त्यात कंपाउंड वॉलचे 4 मिळतात. टक्केवारीने वाढ मुळापेक्षा मोठी आहे, मुळाशी 35 टक्के, इथे 57. टाकीही घेतली तर आणखी 5.3. सगळं मिळून 16.4, गुणिले 1.5 म्हणजे 24.6. कसंबसं बसतं. खरी अडचण मुळाशी.

राजवाडा_७
कंपाउंड वॉलच्या जागी जाळी लावा की. पोल आणि तार, वजन नगण्य. कशाला एवढं डोकं.

राऊ_साइट
मालकाला विटाच हव्यात. जाळीतून गुरं दिसतात म्हणे.

विश्वामित्रीकाठ
मग पाया खोल घ्या. वजन जमिनीवर नव्हे, पायाच्या तळाशी लागतं.

मृदा_मृदुला
या वेळी पूर्ण सहमत. पाया 0.9 मीटर खाली नेला की वजनाखाली भिंतीची उंची 2.1 उरते, मग m आणि n त्याच 2.1 ने मोजायचे. 0.9 मीटर अंतरावरच ठेवली तरी मोमेंट 14.9 वरून 10 वर येते. अंतरही 2.4 केलं तर 3.6. एकूण 45.6, गुणिले 1.5 म्हणजे 68.4. ताकद 69, नुसतं टेकतं. फाय 30 गृहीत आहे हे विसरू नका, 28 निघाला तर टेकणार नाही. मुरुमाचा नमुना तपासून घ्या.

टाकीला ही जागा नाहीच. जवळची कड 4 मीटरवर नेली तरी 8.6 किलोन्यूटन येतात. प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला बसवा.

लष्करवाला
आणि भराव टाकताना रोलर? तोही लाइन लोडच.

मृदा_मृदुला
बरोबर, आणि तो आज ना उद्या येणारच. भिंतीपासून साधारण एक मीटर पट्ट्यात रोलर नको. पातळ थर आणि प्लेट कॉम्पॅक्टर.

राऊ_साइट
चुना आता 2.4 वर टाकायला सांगतो. हील 1.4 मीटर बाहेर आहे. कंपाउंड वॉल हीलवर बसली असती तर तिचं वजन भिंत उलटू न द्यायला मदत करतं ना? मग 0.9 वर ठेवणंच फायद्याचं नाही का?

मृदा_मृदुला
उलटण्याच्या हिशेबात हो, स्टेमच्या हिशेबात नाही. स्टेम हीलच्या वर उभी आहे, तिला विटांचा जोर लागतोच, आणि तुमची स्टेमच कमी पडते आहे. घसरण्यासाठी पायाची पूर्ण रुंदी, टोची लांबी आणि खाली काय लागलं ते द्या. आडवा जोर आत्ता 37 आहे.

राऊ_साइट
रुंदी फोरमनला विचारून सांगतो. खाली पिवळी माती लागली होती की काळी, त्याला आठवत नाही.

राजवाडा_७
काळी असेल तर आणि एक प्रश्न, ती फुगते. वेगळा धागा काढा.