"बंद कर" म्हटलं आणि भलतंच बंद झालं: तुमच्या घरचे अनुभव सांगा

ऋजुता
काल रात्री साडेनऊला पोळ्या करत होते. चिमणी पूर्ण वेगात, हात कणकेचे, तेवढ्यात आईचा फोन. तिचं काही ऐकू येईना म्हणून घरातल्या बोलून चालणाऱ्या स्मार्ट स्पीकरला म्हटलं, "टर्न इट ऑफ." चिमणी घरघरत राहिली आणि हॉलमधला टीव्ही बंद झाला. सासूबाई मालिका बघत होत्या. त्यांना वाटलं मीच रागाने बंद केला. काही न बोलता उठून खोलीत गेल्या. मला फार लागलं ते. सकाळी नीट समजावून सांगितलं तेव्हा हसल्या, पण रात्र तशीच गेली.

मग आजी आठवली. शनिवार पेठेतल्या वाड्यात ती आतून नुसतं "बंद कर गं ते" म्हणायची. रेडिओ, स्टोव्ह, मोरीतला नळ, यातलं कोणतं हे आम्हाला कधी विचारावं लागलं नाही. आम्हाला कसं कळायचं? आणि या स्पीकरला का कळत नाही? तुमच्याकडे काय होतं ते लिहा.

मुग्धा पौडरोड
अगं आमच्याकडे रोज! मुलगा गाणं बंद करायला सांगतो आणि नवऱ्याच्या खोलीतला पंखा थांबतो. मे महिन्यात तर भांडणं झाली. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

पेठेतला मी
सोपं आहे. शेवटी जे चालू केलं तेच बंद होतं. त्यामुळे बंद करायच्या आधी काय चालू केलं होतं ते आठवायचं.

अभय काका
मुलं दिवे बंद करत नाहीत, हे खरं दुखणं आहे. आमच्या वेळी खोलीतून बाहेर पडताना हात आपोआप बटणाकडे जायचा. नातवाला दहा वेळा सांगतो. बिल बघितलं की झोप उडते.

ऋजुता
काका, विषय थोडा वेगळा आहे, पण बिलाचं खरंय.
पेठेतला मी, चिमणी मीच बोलून चालू केली होती, वीसेक मिनिटं आधी. टीव्ही सासूबाईंनी रिमोटने लावला होता. तुमच्या हिशोबाने चिमणी बंद व्हायला हवी होती.

सचिन हिंजवडी
मी याच कामात आहे, आवाजावर चालणाऱ्या उपकरणांच्या. ऋजुता, एक काम कर. ॲपमध्ये आवाजाची हिस्टरी असते, तिथे कालची साडेनऊची नोंद उघड. तीन गोष्टी बघ: कोणते शब्द ऐकले, कोणत्या खोलीच्या स्पीकरने ऐकले, आणि काय बंद केलं. शब्दच चुकीचे असतील तर ऐकण्यात घोटाळा. शब्द बरोबर पण स्पीकर भलताच, तर दोष वेगळा. दोन्ही बरोबर असून वस्तू चुकली, तर "इट" म्हणजे काय हे ठरवण्यात चूक. तिन्हींचे उपाय निरनिराळे आहेत. हे न बघता लोक नावं बदलत बसतात.

ऋजुता
बघितलं. शब्द अगदी बरोबर आहेत. पण स्पीकर "हॉल" लिहिलाय! किचनमधला माझ्यापासून दोन हातांवर होता, हॉलमधला भिंतीपलीकडे.

सचिन हिंजवडी
किचनचा स्पीकर चिमणीजवळ आहे का?

ऋजुता
चिमणीच्या शेजारच्या फळीवर. जागाच तेवढी आहे.

सचिन हिंजवडी
मग कारण सापडलं. हाक ऐकून घरातले दोन-तीन स्पीकर एकदमच जागे होतात. उत्तर एकानेच द्यायचं असतं, म्हणून कोणाला जास्त स्वच्छ ऐकू आलं याची तुलना होते. जवळ असणं आणि स्वच्छ ऐकू येणं एकच नाही. तुझ्या किचनच्या स्पीकरच्या कानाशी चिमणी घोंघावत होती, हॉलच्या स्पीकरला तुझा आवाज लहान पण मोकळा मिळाला. तो जिंकला. मग त्याने आपल्या खोलीत बघितलं, तिथे टीव्ही चालू होता, तो बंद केला. त्याच्या बाजूने बघितलं तर त्याने काहीच चुकीचं केलं नाही. निवड वस्तूची होण्याआधीच खोलीची झाली होती.

आता समज, किचनच्या स्पीकरने ऐकलं असतं. आधी बघायचं की काही वाजतंय का: अलार्म, टायमर, गाणं. वाजत असेल तर नुसत्या "बंद कर"वर पहिला हक्क त्याचा. काल काही वाजत नव्हतं. मग त्या खोलीत चालू काय आहे? बंद असलेली वस्तू कोणी बंद करायला सांगत नाही, म्हणून ती यादीतून गेली. तुझ्याकडे बहुतेक चिमणी आणि दिवा उरले असते. मग नुकतं कशाबद्दल बोलणं झालं? चिमणीबद्दल, पण वीस मिनिटांपूर्वी. इतका वेळ बोलण्याचा धागा ही यंत्रणा सहसा धरून ठेवत नाही. पेठेतला मी म्हणतात ते इथे अर्धं लागू पडतं, लगेचच्या बोलण्याला. माझ्या मते अशा वेळी स्पीकरने विचारायला हवं. तवा तापलेला असताना अंदाजाने दिवा घालवणं बरं नाही.

पेठेतला मी
मान्य. आमच्याकडे दोनच वस्तू आहेत म्हणून जमत असेल.

शर्वरी
"चालू काय आहे" हे त्याला कळतं असं धरू नका. आमचा जुना टीव्ही आणि सेटटॉप बॉक्स रिमोटची नक्कल करणाऱ्या डबीवर चालतात. ती फक्त सिग्नल पाठवते, पलीकडे काय झालं ते तिला कळत नाही. आणि रिमोटवर चालू-बंदचं बटण एकच. बाबांनी टीव्ही हाताने बंद केलेला होता, मी रात्री बोलून "बंद" म्हटलं, आणि अकरा वाजता अख्खं घर दणाणलं. बाळ उठलं.

सचिन हिंजवडी
अगदी बरोबर मुद्दा. एसीचं तसं सहसा होत नाही, त्याचा रिमोट दर वेळी पूर्ण स्थिती पाठवतो. टीव्हीला मात्र "उलट कर" एवढंच कळतं. अशी वस्तू नुसत्या "बंद कर"च्या शर्यतीतूनच काढावी, नाव घेतलं तरच हलवावी.

विद्याताई, निवृत्त शिक्षिका
ऋजुता, आजीचं कसं कळायचं याचं थोडं उत्तर मराठीत आहे. इंग्रजीत सगळं "इट". हिंदीत "उसे बंद करो" म्हटलं तरी वस्तूचं लिंग कळत नाही. मराठीत टीव्ही तो, पंखा तो, मिक्सर तो. चिमणी ती, शेगडी ती, इस्त्री ती, मोटार ती. तू काल "ती बंद कर" म्हणाली असतीस आणि ऐकणाऱ्याला मराठी कळत असतं, तर टीव्ही तिथल्या तिथे बाद झाला असता. शिवाय "हा" आणि "तो", जवळचं आणि लांबचं. दोन अक्षरांत अर्धं घर गाळून निघतं.

नील
ताई, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं 🙏 पण लाईट तो की ती? आमच्या घरी यावरून दोन तट आहेत.

विद्याताई, निवृत्त शिक्षिका
दोन्ही ऐकू येतं. तिथे मदत संपते. आणि घाईत आपण सगळ्याला "ते" म्हणतो, ऋजुताच्या आजीसारखं, किंवा "बंद कर रे" एवढंच. तेव्हा मग बघणारा माणूसच लागतो. आजीची मान कुठे वळली हे तुम्ही बघत होतात.

अभय काका
देवापुढच्या दिव्याला आमची आई "बंद" कधीच म्हणायची नाही. दिवा शांत झाला म्हणायची.

मुग्धा पौडरोड
आले. मोटारीवरून आठवलं. हे माणसांचंच आहे. सोसायटीत दोन मोटारी, एक बोअरची, एक टाकीत पाणी चढवायची. फोनवर वॉचमनना म्हटलं, "ती बंद करा." त्यांनी बोअरची बंद केली, टाकीची चालू राहिली, गच्चीवरून जिन्यात पाणी. ताई, दोन्ही "ती" 😔

नील
माझं जरा गंभीर आहे. आमच्याकडे फिशटँक. हवेचा पंप स्मार्ट प्लगवर, ॲपमध्ये नाव "हॉल प्लग २". गावाला निघताना बायको म्हणाली, "टर्न ऑफ एव्हरीथिंग." सगळं बंद झालं, पंपसुद्धा. दोन दिवसांनी आलो तर चार मासे गेलेले. मुलीने ते पाळले होते. आता पंप साध्या बोर्डावर आहे.

ऋजुता
नील, वाचून गलबललं. मुलगी सावरली का?

नील
हो, हळूहळू.

सचिन हिंजवडी
फार वाईट झालं. तुम्ही केलंत तेच योग्य. फ्रिज, पंप, औषधाचं यंत्र, राऊटर, यांना "सगळं"च्या बाहेरच ठेवावं. चुकीचा दिवा गेला तर पुन्हा लावता येतो, हे परत आणता येत नाही. वस्तू ठरवताना नुसतं कोणती जास्त शक्य ते बघून भागत नाही, चुकलं तर काय जाईल तेही बघावं लागतं.

वसुधा
मला थोडं वेगळं म्हणायचंय. माझी दृष्टी अधू आहे, घरातलं बरंच काही बोलूनच करते. दर वेळी "कोणतं?" असं उलट विचारलं तर दिवसभर त्याच्याशी वादच घालायचा का? मला चुकलेलं चालतं, पण काय बंद केलं ते त्याने सांगावं. नुसता "टिंग" आवाज आला की मी चाचपडत राहते. परवा दिवा गेला की पंखा, हे मला वारा लागेपर्यंत कळलं नाही.

सचिन हिंजवडी
वसुधाताई, तुमचं पटतंय. कमी बोलण्याची एक सेटिंग असते, त्यात नुसता टिंग येतो. ती बंद करून बघा, काही स्पीकर मग केलेलं काम बोलून सांगतात. कधी विचारावं आणि कधी करून सांगावं यावर आमच्यातही एकमत नाही. तुमच्या बोलण्यावर विचार करतो.

शर्वरी
मधेच विचारते, गिझर स्मार्ट प्लगवर लावला तर चालेल का? दोन हजार वॉटचा आहे.

अभय काका
६ अँपिअरच्या प्लगवर अजिबात नको. दोन हजार भागिले २३०, जवळजवळ पावणेनऊ अँपिअर होतात. १६ चाच घ्या, आणि वायरिंग एकदा दाखवून घ्या. एमएसईबीत उभी नोकरी गेली माझी.

शर्वरी
थँक्यू काका, हे कोणी सांगितलं नव्हतं.

ऋजुता
आजचा रिपोर्ट. स्पीकर फळीवरून काढून दाराशेजारी, फ्रिजच्या वर ठेवला. चिमणी पूर्ण वेगात ठेवून ओट्यापाशी उभी राहून सहा वेळा म्हटलं. पाच वेळा हिस्टरीत "किचन" आलं. सहाव्यांदा पुन्हा "हॉल", तेव्हा कुकरची शिट्टी झाली होती. पाचांतही दोनदा चिमणीऐवजी दिवा गेला, सचिन म्हणाले तसंच. आता नाव घेऊनच सांगते, "चिमणी ऑफ". टीव्ही हॉलच्या गटातून काढलाय, नाव घेतल्याशिवाय तो हलणार नाही.

सासूबाईंना हे सगळं दाखवलं. त्या स्पीकरकडे बघून म्हणाल्या, "ती बंद कर म्हणावं." विद्याताई, तुमचं वाचून दाखवायच्या आधीच!

विद्याताई, निवृत्त शिक्षिका
त्यांना माझा नमस्कार सांग. मालिकेचा तो भाग दुपारी परत लागतो, हेही सांग.