मदत हवी आहे: लेप्टोच्या कार्डाची पीपीव्ही तक्त्यात ८९, मग ओपीडीत ३० कशी?

घाटाखालची
कम्युनिटी मेडिसिनला पहिल्या वर्षाला आहे, पोस्टिंग कुडाळजवळच्या आरोग्य केंद्रात. सरांनी सरावासाठी तक्ता दिलाय. आकडे त्यांनीच सोपे करून घेतलेत, खऱ्या अभ्यासातले नाहीत. लेप्टोचं आयजीएम रॅपिड कार्ड, पडताळणी मॅटने. लेप्टो असलेल्या १०० जणांत कार्ड ८० वेळा पॉझिटिव्ह, नसलेल्या १०० जणांत १० वेळा. सेन्सिटिव्हिटी ८०, स्पेसिफिसिटी ९०, हे कळलं. पॉझिटिव्ह एकूण ९०, त्यांतले ८० खरे, म्हणजे पीपीव्ही ८९ टक्के. पण सर म्हणतात, तुमच्या ओपीडीत तीच पीपीव्ही ३०च्या आसपास येईल. कार्ड तेच, मग हे कसं?

तिरफळ
तक्त्यात निम्मे आजारी आहेत, ते का? लेप्टो निम्म्या लोकांना होतो म्हणून नाही, सरांनी शंभर-शंभर घेतले म्हणून. त्यांनी ३०० निरोगी घेतले असते तर पीपीव्ही लगेच घसरली असती. त्यामुळे असा दोन गट जमवून केलेला अभ्यास दिसला की त्यातल्या पीपीव्ही-एनपीव्हीकडे बघूच नये. पेशंट कसे घेतले तो परिच्छेद आधी वाचायचा: ताप घेऊन आलेले ओळीने घेतले, की आधीच निदान झालेले वेगळे आणि धडधाकट वेगळे?

आता तुमची ओपीडी. तापाचे १००० पेशंट, त्यांत लेप्टो ५ टक्के धरू. ५० जणांना लेप्टो, कार्ड ४० पकडेल. उरलेल्या ९५० जणांतही दहा टक्क्यांना ते उगाच पॉझिटिव्ह येणार, म्हणजे ९५. एकूण पॉझिटिव्ह १३५, खरे ४०. झाले तीस टक्के.

लावणीत चिखलात उतरलेले, पोटऱ्या दुखणारे, डोळे लाल झालेले असेच हजार जण निवडून कार्ड केलं आणि त्यांच्यात लेप्टो २० टक्के निघाला, तर २४० पॉझिटिव्हपैकी १६० खरे. कोणाचं रक्त घ्यायचं हे ठरवतानाच निम्मं काम होतं.

खाडीपलीकडचो
माझ्या भावाक दोन दिस ताप आसा, परवापर्यंत शेतात होतो. कार्ड निगेटिव्ह इला. म्हणजे लेप्टो नाय ना?

तिरफळ
दादा, धाग्याचा विषय वेगळा आहे, पण तुमचं आधी. दोन दिवसांच्या तापात निगेटिव्ह कार्डावर विसंबू नका. आयजीएम रक्तात दिसायला साधारण पाच-सात दिवस लागतात. शेतात होता हे सांगून आजच डॉक्टरांना दाखवा. संशय असेल तर ते रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतील. लघवी कमी झाली किंवा धाप लागली तर थेट जिल्हा रुग्णालय गाठा.

स्टॅटवाला रत्नागिरी
हिशेब बरोबर. लक्षात एवढंच ठेवा: प्रिव्हलन्सने पीपीव्ही-एनपीव्ही हलतात, सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी हे कार्डाचे स्वतःचे गुण, ते कुठेही तेच.

तिरफळ
सूत्रात तेच, ओपीडीत नाही. वरच्या भावाचंच बघा. दुसऱ्या दिवशीचे पेशंट जास्त असतील तर सेन्सिटिव्हिटी ८० राहणारच नाही. स्पेसिफिसिटीही धडधाकट माणसांवर काढली तर छान दिसते. आपल्याकडे समोर डेंग्यू, मलेरियावाले असतात, शिवाय काहींच्या रक्तात आधीच्या लेप्टोचं आयजीएम काही महिने रेंगाळलेलं असतं.

स्टॅटवाला रत्नागिरी
हं, पेशंटचा प्रकार बदलला तर मान्य. नुसती संख्या बदलली तर नाही.

घाटाखालची
हे पटलं. एनपीव्हीही काढली: ८६५ निगेटिव्हपैकी ८५५ बरोबर, जवळपास ९९ टक्के.

तिरफळ
त्यावर खूश होऊ नका. कार्ड न करता सगळ्यांना 'लेप्टो नाही' म्हटलं असतं तरी ९५ टक्के बरोबरच ठरलं असतं. आणि दहा लेप्टोवाले निगेटिव्ह होऊन घरी गेले.

घाटाखालची
मग माझ्या केंद्रासाठी प्रिव्हलन्स आणू कुठून? रजिस्टरात कार्ड पॉझिटिव्हचं प्रमाण आहे, तेच धरू?

स्टॅटवाला रत्नागिरी
थेट नको, त्यात खोटे पॉझिटिव्हही आहेत. वरच्या उदाहरणात रजिस्टर १३.५ टक्के दाखवेल, खरं ५ असताना. दुरुस्ती अशी:

```
(13.5 - 10) / (80 - 10) = 0.05
```

वरचा १० म्हणजे खोट्या पॉझिटिव्हचं प्रमाण.

तिरफळ
आणि तुमच्याकडे स्पेसिफिसिटी ९० नसून ८७ असली तर? १३.५ मधून १३ गेले, उरला अर्धा, भागिले ६७. पाच टक्क्यांचा पाऊण टक्का झाला. जुलैत काही पेशंटांचे दोन नमुने, पंधरवड्याच्या अंतराने, मॅटला पाठवता आले तर काही सांगता येईल. तुमच्याकडे दुसऱ्या नमुन्याला लोक परत येतात का?

घाटाखालची
ताप उतरला की कोण येतंय! गणपतीआधी तर नाहीच. आशाताईंना विचारून बघते.