आईचं क्रिएटिनिन 1.1 : कोल्हापूरच्या भाषणाचा मसुदा

प्रेषक: अश्विनी, मँचेस्टर

सर्वांना नमस्कार,

जानेवारीत पंधरा दिवस कोल्हापूरला चालले आहे. आईच्या ज्येष्ठ नागरिक संघात माझं वीस मिनिटांचं बोलणं ठेवलंय. "तू लॅबमध्येच असतीस, आम्हाला वर्षाचा रक्ताचा रिपोर्ट वाचायला शिकव की," असं आईनेच परस्पर कबूल करून टाकलं. पॅकेजच्या रिपोर्टात साठ-सत्तर आकडे असतात. सगळे घेतले तर चहा येईपर्यंत एकही कुणाच्या लक्षात राहायचा नाही. म्हणून एकच घेतलाय, क्रिएटिनिन, आणि तोही आईच्याच कागदावरून. तिची परवानगी आहे.

आई 74 वर्षांची, अंगाने बारीक. दोन वर्षांपूर्वी तिचं क्रिएटिनिन 0.8 होतं, या वर्षी 1.1 आलं. कागदावर समोर छापलंय 0.6 ते 1.2. आकडा ठळक नाही, बाजूला खूण नाही. फोनवर म्हणाली, "सगळं नॉर्मलमध्येच हाय, काळजी करू नको."

क्रिएटिनिन स्नायूंमध्ये रोज तयार होतं आणि किडनी ते लघवीवाटे बाहेर टाकते. म्हणजे रक्तातला आकडा दोन गोष्टींवर ठरतो: तयार किती होतं आणि बाहेर किती जातं. तालमीतल्या तीस वर्षांच्या पोराचं 1.1 आणि माझ्या आईचं 1.1 हे एकच कसं असेल? तिच्या अंगात स्नायू कमी, तयारच कमी होतं, तरी आकडा तिथवर चढला, याचा अर्थ बाहेर कमी जातंय.

हा फरक ईजीएफआर नावाच्या ओळीत दिसतो. किडनी दर मिनिटाला किती रक्त गाळते त्याचा तो अंदाज. रिपोर्टात ती ओळ नसेल तर CKD-EPI 2021 या सूत्राचा कॅल्क्युलेटर फोनवर मिळतो. वय, पुरुष की स्त्री आणि क्रिएटिनिन एवढंच विचारतो. 1.1 घालून पाहिलं: तीस वर्षांच्या पुरुषाचा येतो 93, आईचा 53. दोन वर्षांपूर्वी आईचाच 78 होता. साठच्या खाली गेलं की विचारपूस करायची असते. आईच्या कागदावर ही ओळ नव्हती.

बोलणं एवढंच ठेवू का? चुकलं असेल तर सांगा.

---

प्रेषक: वसंतकाका, न्यू जर्सी

अश्विनी, विषय छान घेतलास. पण म्हाताऱ्या माणसांना उगाच घाबरवू नकोस. लॅबने रेंज छापली आहे ती विचार करूनच छापली असणार. आणि क्रिएटिनिन वाढण्याचं खरं कारण पाणी कमी पिणं. मी रोज साडेतीन लिटर पितो, माझं एकदम व्यवस्थित आहे. संघातल्या सगळ्यांना पाणी वाढवायला सांग, निम्मे आकडे आपोआप उतरतील.

---

प्रेषक: वैशाली, ग्लासगो

अगं अश्विनी, तुझा मेल वाचून पोटात गोळाच आला. आईचं 1.1 झालं म्हणून तू एवढं लिहिलंस. माझं इथल्या जीपीच्या रिपोर्टात 82 आहे! बाबांचं सांगलीत 1.3 आलं होतं तर डॉक्टरांनी लगेच बोलावून घेतलं होतं. मला अजून कुणी फोनसुद्धा केला नाही. आणि माझी शुगरही काठावर आहे, त्याचं काय करू?

---

प्रेषक: अश्विनी

वैशाली, आधी श्वास घे. भारतात आणि अमेरिकेत क्रिएटिनिन मिलिग्रॅममध्ये छापतात, आपल्याकडे ब्रिटनमध्ये मायक्रोमोलमध्ये. 88.4 ने भागलंस की तुझे 82 म्हणजे साधारण 0.93. बाबांचे 1.3 इथे 115 दिसले असते. तुझ्या रिपोर्टात खालच्या ओळीत ईजीएफआर असेलच, तो बघ. शुगरचं वेगळ्या मेलमध्ये लिही, इथे मिसळायला नको. हे एककांचं मी भाषणात घेणार आहे, कारण संघातल्या बऱ्याच जणांची मुलं बाहेर आहेत आणि दोन देशांचे कागद शेजारी ठेवून घरोघरी हीच घाबरगुंडी उडते.

काका, पाण्याचं तुमचं अर्धं बरोबर आहे. जुलाब-उलट्या झाल्या, उन्हात अंग सुकलं तर क्रिएटिनिन चढतं आणि पाणी पोटात गेलं की उतरतं. पण ज्याचं पाणी कमी पडलेलंच नाही त्याने दोन लिटर जास्त प्यायल्याने किडनी सुधारत नाही. संघात हृदयाच्या त्रासामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलेले लोक आहेत. त्यांच्यासमोर साडेतीन लिटरचा आकडा मी उच्चारणार नाही. आणि छापलेली रेंज सगळ्या वयाच्या मोठ्या माणसांसाठी एकच असते, फार तर पुरुष-स्त्री वेगळी.

---

प्रेषक: सदानंद, लीड्स

मी तीस वर्षं किडनीचेच पेशंट पाहिले, म्हणून दोन शब्द. अश्विनी, तुझा मसुदा बरोबर आहे, पण आईने त्या आठवड्यात काय खाल्लं आणि कुठल्या गोळ्या घेतल्या, हे त्यात कुठेच नाही. ते विचारल्याशिवाय मी 53 वर विश्वास ठेवला नसता.

शिवाय सूत्राला आईचं वय कळतं, अंग कळत नाही. फार बारीक माणसात खरी गाळणी 53 पेक्षाही कमी असू शकते, आणि पैलवानाच्या बाबतीत उलट. शंका राहिली तर सिस्टॅटिन सी नावाची तपासणी करतात, तिला स्नायूंचं फारसं देणंघेणं नसतं.

---

प्रेषक: अश्विनी

सदानंदकाका, तुमचा मेल वाचला आणि लगेच आईला फोन लावला. रक्त दिलं सोमवारी सकाळी. रविवारी रात्री मामाकडे तांबडा-पांढरा, मटण दोन वेळा वाढून घेतलं होतं. शिजलेल्या मटणातलं क्रिएटिनिन सरळ रक्तात जातं. इथे आम्ही या तपासणीआधी बारा तास मटण-मासळी नको सांगतो. तिथे "उपाशी या" एवढंच सांगितलं होतं, आणि रात्रीचं जेवण उपासात बसतंय असं सगळेच धरून चालतात.

दुसरं तिने मला सांगितलंच नव्हतं. गुडघ्यासाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून तीन आठवडे दोन वेळा घेत होती. बीपीची टेल्मिसार्टन आणि पाण्याची गोळी आधीपासून चालूच. आमच्या डॉक्टरांनी कागद बघितला आणि वेदनाशामक बंद केलं. बीपीच्या गोळ्या मनाने बंद करू नका, असं बजावलं. दोन आठवड्यांनी, आदल्या रात्री भाजी-भाकरी खाऊन, पुन्हा रक्त दिलं: 0.9, म्हणजे ईजीएफआर 67.

---

प्रेषक: वसंतकाका

म्हणजे मटणानेच वाढलं होतं ना?

---

प्रेषक: सदानंद

सांगता येणार नाही. मटण आणि गोळी दोन्ही एकदम थांबवलं. माझा संशय गोळीवर जास्त. बीपीची ती गोळी, पाण्याची गोळी आणि वर वेदनाशामक, हे तिन्ही एकत्र आलं की किडनीतला दाब कमी होतो. मी अशी कितीतरी माणसं पाहिली, आणि बहुतेकांनी तिसरी गोळी "साधी दुखण्याची" म्हणून सांगितलेलीच नसायची.

67 वर थांबू नका. लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी करा. ईजीएफआर चांगला असूनही तिथून गळती असू शकते, आणि ती रक्ताच्या पॅकेजमध्ये दिसत नाही. तसंच, नुसत्या ईजीएफआरवरून किडनीचा आजार असा शिक्का तीन महिने आकडा साठच्या खाली राहिल्याशिवाय मारत नाहीत. खरं तर पंच्याहत्तरीच्या माणसाचा आकडा 55 वर स्थिर असेल आणि लघवी स्वच्छ असेल, तर त्याला आजारी म्हणायचं का, यावर आम्हा डॉक्टरांतच वाद आहे. मी म्हणत नसे. माझे काही सहकारी म्हणायचे.

---

प्रेषक: वैशाली

माझा ईजीएफआर सापडला, 78. झोप लागेल आता. पण बाबाही गुडघ्याची गोळी घेतात, कुठली ते उद्या पाकीट बघून कळवते.

---

प्रेषक: अश्विनी

आता बोलणं असं करते: प्रत्येकाने गेल्या तीन वर्षांचे कागद आणायचे आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणायची, दुखण्याचीसुद्धा. वय घालून आकडा तिथेच काढू, जुन्या आकड्याशेजारी लिहू, आणि तो कागद घेऊन ते आपापल्या डॉक्टरांकडे जातील.

आईच्या लघवीचा रिपोर्ट यायचाय. आणि संघाचं रक्ततपासणी शिबिर दरवर्षी सोमवारी सकाळीच असतं. यंदा ते शनिवारी घ्या, असं आईने सेक्रेटरींना सांगितलंय. ते म्हणाले, शुक्रवारीही काहींकडं मटण असतंय की.