शेजारचं दुकान काय टाकतं आणि काय टाकत नाही: तुम्ही मोजलंय का? अनुभव सांगा

दादरला आमचं साड्यांचं छोटं दुकान आहे, पैठणी आणि नऊवारी जास्त. इन्स्टाग्राम मी सांभाळते. जवळच्याच एका मोठ्या दुकानाचं खातं जोरात चालतं, म्हणून वर्षभर मी त्यांचं बघून तसंच करत राहिले. हाती काही लागेना. मग एप्रिल ते जून अशा तेरा आठवड्यांतल्या त्यांच्या सगळ्या पोस्ट एक्सेलमध्ये उतरवल्या.

पहिल्यांदा चूक केली. रकाने केले ते रील, फोटो आणि व्हिडिओ असे. त्यातून कळलं एवढंच की ते रील जास्त करतात, आणि ते तर नुसतं बघूनही कळत होतं. दुसऱ्यांदा एकच नवा रकाना घातला: ही पोस्ट गिऱ्हाइकाच्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते? तेव्हा चित्र दिसलं. एकूण 61 पोस्ट, म्हणजे आठवड्याला साधारण पाच. त्यात 38 नवा माल, 11 सवलती आणि सणांच्या शुभेच्छा, 8 गिऱ्हाइकांचे फोटो, आणि 4 खरी पैठणी कशी ओळखावी यावर (हातमागाची असेल तर पदराची उलटी बाजूही सुलटीसारखीच दिसते, हे). घेतलेली साडी सांभाळायची कशी, यावर शून्य. आणखी दोन दुकानांची खाती बघितली, तिथेही शून्य.

मग त्याच पोस्टखालच्या कमेंट वाचल्या. ‘किंमत?’ वाल्या सोडून 43 खरे प्रश्न निघाले. त्यातले 17 डाग, बुरशी आणि काळ्या पडलेल्या जरीबद्दल होते. एकालाही उत्तर दिलेलं नव्हतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी रील केली: मुंबईच्या दमट हवेत पैठणी मलमलच्या कपड्यात कशी ठेवायची, दर दोन-तीन महिन्यांनी घडी का बदलायची, डांबराच्या गोळ्या जरीला का लागू द्यायच्या नाहीत. लाईक नेहमीच्या निम्मे आले, पण सेव्ह वर्षातले सर्वाधिक. आणि पाच बायका जुन्या पैठण्या घेऊन रफू करून मिळेल का विचारत दुकानात आल्या.

तुमच्या धंद्यात असं कुणी केलंय का? जमलेलं आणि फसलेलं, दोन्ही लिहा.

मुलुंड, दहावीचे क्लास

मी सरळ मोजलं. समोरचे क्लासवाले आठवड्याला तीन पोस्ट टाकतात, मी सात सुरू केल्या. जूनमध्ये चौकशा दुप्पट झाल्या. विषय वगैरे नंतर बघू, आधी त्यांच्यापेक्षा जास्त दिसलं पाहिजे.

विलेपार्ले, बारा वर्षं हेच काम करते

मुलुंडच्या दादा, जास्त दिसण्याचा फायदा असतो, ते खरंच. पण जूनमध्ये क्लासच्या चौकशा कुणाच्याही वाढतात. सप्टेंबरचे आकडे गेल्या सप्टेंबरशी ताडून बघा. स्पर्धक किती वेळा पोस्ट टाकतो, यातून त्याच्याकडे किती माणसं आहेत हे कळतं. दोन माणसांच्या दुकानाने तो वेग गाठायला जाऊ नये.

दादरच्या ताई, ‘कोणत्या प्रश्नाचं उत्तर’ हा रकाना फार योग्य आहे. पण एप्रिल ते जून ही लग्नसराई, तेव्हा नव्या मालाचा भरणा असणारच. गेल्या वर्षीचे जुलै ते सप्टेंबरही मोजा. स्टोरी 24 तासांत जातात, त्यामुळे निगा राखण्याच्या गोष्टी ते तिथे सांगत असतील तर तुमच्या तक्त्यात त्या येणारच नाहीत. चार आठवडे रोज एका वेळी स्टोरी बघून टिपा. आणि मेटाच्या अॅड लायब्ररीत त्यांचं नाव टाकून बघा, कोणत्या जाहिराती चालू आहेत ते दिसतं. पैसे घालून वाढवलेली एक रील लाईकची सगळी सरासरी बिघडवते. मी म्हणून सरासरी काढत नाही, आकडे लहान-मोठे लावून मधला घेते; C रकान्यात विषय, E मध्ये लाईक:

```
=MEDIAN(FILTER(E2:E62,C2:C62="नवा माल"))
```

सगळ्यात महत्त्वाचं, तो विषय त्यांनी पूर्वी करून सोडलाय का ते बघा. कुणीच न हात लावलेला विषय आणि हात लावून सोडलेला विषय, रकान्यात दोन्ही शून्यच दिसतात.

अंधेरी, घरगुती केक

माझे फोटो एकीने सरळ उचलून स्वतःच्या पानावर टाकले. तक्रार केली तर काढतात का? तुम्ही सगळे दुसऱ्यांच्या पोस्ट उतरवून घेता, हे बरोबर आहे का?

विलेपार्ले

ताई, फोटो तुम्ही काढलेले असतील तर कॉपीराइटची तक्रार करा, त्याचा वेगळा फॉर्म असतो. इथे आम्ही फक्त कशावर किती पोस्ट आल्या ते मोजतोय, मजकूर घेत नाही.

वर्सोवा, मासळी घरपोच

आमच्यात विषय सगळ्यांचे तेच. पापलेट आलं, सुरमई आली, भाव हा. मी नुसत्या तारखा लिहिल्या तर दिसलं की 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते तेव्हा आसपासच्या चारही मासळीवाल्यांची पानं गप्प. ताजा माल नाही तर टाकणार काय? पण गिऱ्हाईक त्या दिवसांतही खातंच की. मी तेव्हा सुकं घेऊन उतरले: बोंबील, जवळा, सोडे. पावसात सुक्याला वास लागू नये म्हणून कसं ठेवायचं, जवळा किती वेळ भिजवायचा. ऑगस्टमध्ये ताजी मासळी आल्यावर त्याच बायकांनी आधी मला फोन केला.

बोरिवली, सोसायट्यांची कागदपत्रं

माझा अनुभव फसण्याचा आहे. एका स्पर्धकाची वेबसाइट वर्डप्रेसवर आहे. साइटमॅपमधली तारीख बघून मला वाटलं, हा रोज लिहितो. ती `lastmod`, म्हणजे शेवटच्या बदलाची तारीख निघाली. लेख पहिल्यांदा कधी आला ते इथे मिळालं (काही साइट हे बंद ठेवतात):

```
/wp-json/wp/v2/posts?per_page=100&_fields=date,title
```

खरं तर तो महिन्याला दोन लेख लिहितो, आणि बहुतेक सगळे पुनर्विकासावर. मानीव अभिहस्तांतरणावर एकही नाही. मी खूश होऊन सहा लेख लिहिले, कुणी वाचलेच नाहीत. नंतर माझ्याकडे येणाऱ्या सेक्रेटरींचे व्हॉट्सअॅप निरोप पुन्हा वाचले. ते विचारतात, ‘बिल्डर सही करत नाही, जमीन सोसायटीच्या नावावर कशी करायची?’ तोच लेख या शीर्षकाने टाकला, तर आता फोन येतात. विषय मोकळा होता, पण माझे शब्द त्यांचे नव्हते.

दादर, धागा सुरू करणारी

पार्ल्याच्या ताई, गेल्या वर्षीचा जुलै उघडला. त्यांनी निगा राखण्यावर दोन रील केल्या होत्या! खाली सगळ्यांचा एकच प्रश्न: ‘तुम्ही साफ करून देता का, रफू करून देता का?’ उत्तर नाही, आणि नंतर तो विषयही नाही. म्हणजे सुचला नाही असं नव्हतं, मागून येणारं काम त्यांना नको होतं.

ते काम आता माझ्या दारात आहे. आमचे रफूवाले काका आठवड्यातून दोनच दिवस येतात, त्या पाच पैठण्यांना महिना लागला. दुसरी रील तयार आहे, पण टाकली तर आणखी पंधरा साड्या येतील. तुम्ही माझ्या जागी असता तर आधी रील टाकली असती, की आधी दुसरा कारागीर शोधला असता?

वर्सोवा, मासळी घरपोच

कारागीर. आम्ही पहिल्या वर्षी सोडे कमी पडले तेव्हा गिऱ्हाइकांची फार बोलणी खाल्ली.

मुलुंड, दहावीचे क्लास

मला नाही पटत. रील टाका आणि ‘महिनाभर लागेल’ असं त्यातच सांगा. ज्यांना घाई नाही तेच येतील.