मदत हवी आहे: आईचं व्हॉट्सअ‍ॅप अनइन्स्टॉल करायचंय, चॅट जाता कामा नये

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. आईच्या अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअ‍ॅप सारखं बंद पडतंय आणि राजवाड्याजवळचा मोबाइलवाला म्हणतो क्लिअर डेटा करा नाहीतर काढून परत टाका, एकच आहे. पण त्यात बाबांचे जुने मेसेज आहेत हो, ते जाऊन चालणारच नाही.

मला कळलंय ते असं. कॉम्प्युटरवरून लॉगआउट केलं तर फक्त तिथलं जातं, फोनमधलं तसंच राहतं. क्लिअर कॅशेनेही चॅट जात नाही. क्लिअर डेटा केलं की मात्र अ‍ॅपच्या आतला चॅटचा डेटाबेस पुसला जातो, नंबर ओटीपीने पुन्हा टाकावा लागतो, आणि अनइन्स्टॉलमध्येही तो डेटाबेस जातोच. मग परत येतं ते फक्त बॅकअपमधलं, त्यानंतर आलेले मेसेज गेलेच समजा.

आता अडचण अशी की `Chat backup` मध्ये गूगलचा बॅकअप मार्चचा दिसतोय, कारण आईच्या खात्याची १५ जीबी जागा फोटोंनी भरलीय. लोकल बॅकअप मात्र काल रात्री २ चा आहे, तो ह्या फोल्डरमध्ये सापडला:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Databases
```

तर हा फोल्डर कॉम्प्युटरवर कॉपी करून, अ‍ॅप काढून परत टाकून, उघडण्याआधीच फोल्डर जागेवर ठेवला आणि त्याच नंबरने सुरू केलं तर रिस्टोअर विचारतं का? की आधी गूगलचा मार्चचाच बॅकअप पुढे करतं? कुणी स्वतः केलंय का, प्लीज सांगा, तोवर आईला फोनला हात लावू नको म्हटलंय.